‘त्यातला एक तुम्हाला दिसणार नाही’

“सप्रेम नमस्कार. सोबत लोकरीचा एक लांब कोट पाठवत आहे. त्यावर तीन डाग आहेत. त्यातला एक तुम्हाला दिसणार नाही, म्हणून हे पत्र.”

पुण्यातल्या एका ड्रायक्लीनरला माझ्या आत्याने लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. आत्याने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि महत्त्वाच्या कागदाची नक्कल ठेवायची सवय तिने आयुष्यभर पाळली. त्यामुळे दीड पानाचं हे पत्र माझ्या हाती आलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात एकही वाक्य शोभेचं नाही, आणि तरीही ते वाचताना उत्तम गद्य वाचल्याचं समाधान मिळतं. हे समाधान येतं कुठून, ते या लेखात शोधायचं आहे.

कोट 1972 साली काकांनी इंग्लंडमध्ये, लीड्सला घेतलेला. लीड्स आणि त्याच्या आसपासचा यॉर्कशायरचा भाग म्हणजे लोकरी कापडाचा जुना मुलूख. कोट राखाडी, जाड विणीचा, गुडघ्याखाली येणारा. पुण्यात त्याला फारसं काम नव्हतं. मग आत्याची नात शिकायला जर्मनीला गेली आणि कोट पुन्हा अंगावर चढला. ती सुटीला परत आली तेव्हा तो डाग घेऊन आला.

पहिल्या ओळीतली “म्हणून हे पत्र” ही जोड पाहा. जे डोळ्यांना दिसतं त्यासाठी पत्राची गरज नाही, कारागीर ते बघून घेईल. पत्र आहे ते न दिसणाऱ्यासाठी. पुढच्या सगळ्या मजकुराची निवड या एका कसोटीवर झालेली आहे. कोट राखाडी आहे, कॉलर मळली आहे, असलं काहीही तिने लांबवून लिहिलेलं नाही.

डागांकडे वळण्याआधी ती कापडाची ओळख करून देते.

“आतली चिठ्ठी केव्हाच निघून गेली आहे. खालच्या दुमडीतून एक धागा काढून जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आला, ज्योत बाजूला घेताच विझला, राख काळी होती आणि बोटांत चुरली. कडक गोळी उरली नाही. अस्तराचा धागा कागदासारखा भरकन जळला आणि करडी मऊ राख राहिली. त्याची चकाकी पाहता तो रेयॉन असावा. यावरून बाहेरचं कापड लोकर धरून चाला. त्यात थोडं नायलॉन मिसळलेलं असेल तर ते मला ओळखता आलेलं नाही.”

या परिच्छेदात मला सर्वांत आवडतं ते तीन पायऱ्यांचं प्रामाणिक वेगळेपण. काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं, आणि काय सांगता येत नाही, यांची तिने सरमिसळ केलेली नाही. “लोकर आहे” असं न म्हणता ती “लोकर धरून चाला” म्हणते. जाळून पाहण्याची परीक्षा खरोखरच इतकंच सांगू शकते. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, आपल्या केसांचंच. त्यामुळे जळताना तोच वास येतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी होते. पण मिश्रण थोडं असेल तर लोकरीच्या राखेत ती गोळी हाताला लागेलच असं नाही. अस्तराचंही तसंच. सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळतात, म्हणून निर्णय द्यायला तिने चकाकीची मदत घेतली आणि तरी “असावा” म्हणाली.

अस्तराची दखल घेणं हे जाणकाराचं लक्षण. कोट आणायला जाणाऱ्याला बाहेरचं कापड दिसतं, पण डाग काढताना पाणी आणि वाफ दोन्ही थरांतून जातात. ओलं झालेलं रेयॉन आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. वाफेच्या गनचा झोत वरून मारला आणि खाली अस्तर ताणलेलं असलं, तर डाग जाईल आणि अस्तर शिवणीपाशी उसवेल. म्हणून पुढे ती एका ओळीत सांगते: “डागाची जागा ओली कराल तेव्हा अस्तर शक्यतो बाजूला घ्या, ओढू नका.”

आता तो न दिसणारा डाग.

“डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली, विमानात सफरचंदाचा रस सांडला होता. नातीने रुमालाने टिपला आणि विसरून गेली. आता तिथे काहीच दिसत नाही. उजेडात तिरपं धरलं तर कापड किंचित ताठ वाटतं, नखाने खरवडलं तर पांढुरकी रेघ उठते. जागेभोवती पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला आहे. तेवढी जागा आधी पाण्याने साफ करावी आणि पूर्ण सुकल्यावरच कोट मशीनमध्ये घालावा. टाके शेवटी उसवावेत.”

संपूर्ण पत्राचा गाभा मला इथे दिसतो. ड्रायक्लीनिंगच्या नावात ‘ड्राय’ असलं तरी कपडा त्यात भिजतो. फक्त पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात. मोठ्या दुकानांत ते पर्क्लोरोएथिलीन असतं, ज्याला धंद्यातले लोक नुसतं ‘पर्क’ म्हणतात. लहान लॉन्ड्रीत ‘पेट्रोल वॉश’ची पाटी असते आणि आत बहुधा मिनरल टर्पेंटाइन वापरतात. हे दोन्ही द्रव तेल, तूप, मेण विरघळवतात. साखर आणि मीठ मात्र त्यांत विरघळत नाही. म्हणजे सफरचंदाच्या रसातली साखर पूर्ण धुलाईनंतरही बाहीवर जशीच्या तशी राहणार.

तोपर्यंत काही बिघडलेलं दिसणार नाही. बिघडेल ते इस्त्रीच्या वेळी. सफरचंदातली बरीचशी साखर फ्रुक्टोज या जातीची असते आणि ती साधारण 110 अंश सेल्सिअसपासून करपून तपकिरी होऊ लागते. लोकरीसाठी इस्त्रीची जी वरची मर्यादा चिठ्ठीवर दोन ठिपक्यांनी दाखवतात ती 150 अंशांची. मधल्या अंतरात डाग उमटतो. गिऱ्हाईक म्हणतं, “कोट स्वच्छ दिला होता, तुम्ही डाग पाडलात.” दुकानदार म्हणतो, “आम्ही तर काहीच सांडलं नाही.” दोघेही खरं बोलत असतात. करपलेली साखर पाण्याने सहज निघत नाही आणि लोकरीवर जोरकस उपाय करता येत नाहीत, त्यामुळे हा डाग कायमचा राहू शकतो. आधी मात्र तो काढायला थोडंसं पाणी पुरे असतं.

धावदोऱ्याची खूण हीदेखील विचारपूर्वक केलेली आहे. खडूची खूण धुलाईत जाते. टाचणी टोचून ठेवली तर तिचा गंज लागण्याची भीती. चिकटपट्टीचा गोंद द्रवात सुटून कापडावर पसरू शकतो. सैल घातलेला सुती धावदोरा पाण्यात टिकतो, पर्कमध्ये टिकतो आणि एका ओढीत निघतो. राखाडी कोटावर पांढरा दोरा दुकानातल्या मंद उजेडातही नजरेत भरतो.

“पूर्ण सुकल्यावरच” हे दोन शब्द घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतील. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले, टोकाच्या दिशेने कललेले. ओलावा, ऊब आणि घुसळण एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकत जातात, खवले एकमेकांत अडकतात आणि माघारी येत नाहीत. कापड आखडतं, जाड होतं, त्याचं नमद्यासारखं काहीतरी होऊन बसतं. नुसत्या पर्कमध्ये हे सहसा होत नाही, कारण त्याने तंतू पाण्यासारखा फुगत नाही. पण बाही ओली असताना कोट ड्रममध्ये गेला तर ओलावा आणि घुसळण तिथे आहेतच, आणि पुढे वाळवताना ऊबही मिळते. मग एक बाही दुसरीपेक्षा आखूड होते. कोट आखडला तर तो परत पहिल्यासारखा होत नाही.

दुसरा डाग चहाचा.

“उजव्या पुढच्या बाजूला, दुसऱ्या बटणाच्या शेजारी, दूध-साखरेचा चहा सांडला त्याला तीन आठवडे झाले. कोरड्या सुती फडक्याने टिपला. चोळला नाही. गार पाणी दोनदा टिपून घेतलं. साबण, सोडा, लिंबू, काहीही लावलेलं नाही. इस्त्री केलेली नाही.”

काय केलं त्याची दोन छोटी वाक्यं आणि काय केलं नाही त्याची तीन. ही नकारांची यादी स्पॉटिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला सोन्यासारखी वाटली पाहिजे. दूध घातलेला चहा हा एकच डाग दिसतो, पण त्यात चार गोष्टी असतात: चहाचं टॅनिन, दुधाचं प्रथिन, दुधाची स्निग्धता आणि साखर. स्निग्धता पर्कमध्ये जाते. साखर पाण्यात जाते. उरलेल्या दोघांचं मात्र जमत नाही. टॅनिनला सौम्य आम्ल मानवतं, म्हणजे पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर. अल्कली लागली, म्हणजे साबण किंवा धुण्याचा सोडा, तर ते गडद होऊन कापडाला धरतं. प्रथिनाला उलट सौम्य अल्कली लागते, आणि गरम पाणी किंवा इस्त्री लागली की ते घट्ट बसतं. म्हणून घरी आधी काय लावलं ते कळल्याशिवाय कारागिराला पहिली पायरी ठरवता येत नाही. साबण लागला असता तर त्याने वेगळी सुरुवात केली असती. इस्त्री झाली असती तर कदाचित आशाच सोडली असती.

यापुढची आत्याची ओळ मला तिच्यातल्या शिक्षिकेची वाटते: “प्रथिन पचवणारं एन्झाइम लावू नये. दुधाचं प्रथिन आणि लोकरीचं प्रथिन यात ते फरक करत नाही.” दुधाच्या, रक्ताच्या, अंड्याच्या डागांवर प्रोटीज नावाचं एन्झाइम सुती कपड्यांवर फार छान चालतं. अनेक धुण्याच्या पावडरींत ते असतंच. लोकरीचं केराटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेलं असल्यामुळे ते लगेच विरघळत नाही. पण एन्झाइम वेळ मिळेल तसं पृष्ठभाग पोखरतं आणि डागाची जागा विरळ, खरबरीत होते. तिने हे कारण एका वाक्यात मांडलं आहे. कारण समजलं की मनाई लक्षात राहते, हे तिला वर्गातल्या अनुभवावरून ठाऊक असणार.

क्लोरीनच्या ब्लीचचं आणि कॉस्टिक सोड्याचं नावही ती घेते. तिथे तिचं म्हणणं वादातीत आहे. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाच टक्के द्रावणात लोकर काही मिनिटांत विरघळून नाहीशी होते. ब्लीचने ती आधी पिवळी पडते आणि मग तीही विरघळते. पण याच यादीत तिने अमोनियाही घातला आहे, आणि इथे मला तिच्याशी मतभेद नोंदवावासा वाटतो. अगदी पातळ, गार अमोनिया, थोडाच वेळ आणि लगेच पाण्याने काढून टाकलेला, हा लोकरीवरच्या दुधाच्या डागासाठी कुशल हाताला परवडणारा उपाय आहे. धोका ठरतो तो तीव्रतेवर, उष्णतेवर आणि वेळेवर. सरसकट मनाई करण्यापेक्षा “रंग सुटतो का ते दुमडीत पाहून, अगदी पातळ” असं लिहिलं असतं तर कारागिराचा एक हात मोकळा राहिला असता. जुन्या कोटाचा रंग अल्कलीत सुटण्याची भीती तिच्या मनात असेल तर ती रास्त आहे. पण मग ती भीती लिहायला हवी होती. बाकीच्या पत्रात तिने प्रत्येक ठिकाणी कारण दिलं आहे आणि नेमकं इथेच दिलेलं नाही.

तिसरा डाग कॉलरचा, आणि तो ती फार लवकर आटोपते.

“कॉलरला आतून जुनं तेलकट आहे. खोबरेल जाईल. पिवळेपणा गेला नाही तरी चालेल.”

तीन वाक्यांत निदान, अपेक्षा आणि सूट. खोबरेल तेलाचा फार मोठा भाग संतृप्त असतो, त्यामुळे ते हवेतल्या प्राणवायूने सहजासहजी घट्ट होत नाही आणि वर्षांनीही द्रवात सुटून येतं. अंगाच्या तेलाचं तसं नाही. ते हळूहळू प्राणवायू घेत पिवळं पडतं, चिवट होतं आणि जुनं झालं की पर्कलाही दाद देत नाही. त्यातच घाम असतो. हा पिवळेपणा काढायला जे लागेल ते कॉलरच्या घडीवर आधीच झिजलेल्या लोकरीला सोसणार नाही. आत्याने ते सोडून दिलं आहे. डाग काढून घेणाऱ्याने कुठे थांबायचं हे आधीच सांगणं फार कमी लोकांना जमतं. बहुतेक जण “अगदी नव्यासारखा करून द्या” म्हणतात आणि कारागिराला नको तितकं घासायला लावतात.

मग येतो तो मजकूर, ज्यासाठी मी या पत्राला मोठं मानतो.

“पाठीवर डाव्या खांद्याखाली कापड उजेडासमोर धरलं तर दोन ठिकाणी विरळ दिसतं. भोक नाही. मधल्या काळात ट्रंकेत कसर लागली होती. धुताना तिथे भोक पडलं तर तो दोष तुमचा नाही. रफूचे पैसे वेगळे देईन.”

कसर म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी. प्रौढ पतंग काही खात नाही, खाते ती अळी. तिला घामाची, अन्नाची, तेलाची लोकर अधिक आवडते, कारण नुसत्या केराटिनवर तिचं नीट पोषण होत नाही. पुष्कळदा ती कापडाच्या आरपार जात नाही. वरचे तंतू कुरतडून पुढे सरकते. धागा अर्धा तुटलेला असतो, पण बाकीच्या धाग्यांनी तो धरून ठेवलेला असतो. कोट हँगरवर असेपर्यंत काही कळत नाही. ड्रममध्ये घुसळण झाली की तुटके तंतू गळून पडतात आणि भोक उघडं पडतं. लॉन्ड्रीवाल्यांवर होणाऱ्या आरोपांत हा मोठा अन्यायाचा आरोप असतो, कारण भोक त्यांच्याकडे दिसलं तरी ते पडलेलं असतं आपल्या कपाटात.

आत्या ते आधीच स्वतःच्या नावावर घेते. या वाक्याचा परिणाम केवळ सौजन्यापुरता नाही. कारागिराला ठपक्याची भीती असेल तर तो डागाला हात लावायलाच कचरतो, “जास्तीत जास्त एवढंच निघेल” म्हणत कोट परत देतो. ती भीती काढून टाकली की तो त्याचं खरं कसब वापरू शकतो. शिवाय विरळ जागा कळल्यामुळे तो कोट जाळीच्या पिशवीत घालून, कमी वेळ आणि कमी घुसळणीत काढू शकतो.

शेवटच्या भागात बटणं आणि इस्त्री आहे. बटणं शिंगाची, म्हणून तिने ती स्वतःच काढून घेतली. शिंगही केराटिनच, आणि उष्णतेने व ओलाव्याने त्याचं पॉलिश जातं. इस्त्रीबद्दल ती म्हणते: “तवा कापडावर टेकवू नये. वाफ द्यावी, ओलं असताना हाताळू नये, गार झाल्यावर ब्रशने लव उठवावी.” जाड लोकरीवर थेट दाब दिला की लव चपटी होऊन चकाकते, आणि आतल्या शिवणींचे वळ वर उमटतात. हे सगळं बरोबर आहे, त्यात विशेष थांबण्यासारखं नाही.

पत्रात एक उणीव मात्र मला प्रत्येक वाचनात खटकते. कोट याआधी कधी धुतला होता, आणि पर्कमध्ये की पेट्रोल वॉशमध्ये, हे तिने कुठेच लिहिलेलं नाही. पर्क जोरकस आहे. तेल झपाट्याने काढतं, पण त्याचं वजन पाण्याच्या दीडपटीहून जास्त असल्यामुळे ड्रममध्ये कपड्यावर आपटण्याचा मारही मोठा असतो. टर्पेंटाइन हलकं आणि सौम्य, पण जुन्या तेलावर कमी पडतं. पाठीवर विरळ जागा असलेल्या कोटाला सौम्य द्रव बरा, आणि कॉलरच्या तेलाला जोरकस बरा. हा पेच पत्रातच दडलेला आहे आणि पत्र तो सोडवत नाही. आधीची धुलाई कशात झाली आणि कोटाने ती कशी सोसली, एवढं कळलं असतं तर दुकानदाराला निवड करणं सोपं गेलं असतं. माझ्या मते सौम्य द्रवाच्या बाजूने तिनेच कौल द्यायला हवा होता, कारण कॉलरचा पिवळेपणा तिने आधीच सोडून दिला होता.

शेवटचं वाक्य असं: “डाग राहिला तर चालेल, कोट आखडता कामा नये.” सगळ्या सूचनांचा अग्रक्रम या आठ शब्दांत ठरतो. दोन सूचनांत कधी विरोध आला तर कोणती ऐकायची, हे कारागिराला आता कुणाला विचारावं लागत नाही.

कोट परत आला तेव्हा बाही स्वच्छ होती आणि धावदोरा काढलेला होता. चहाच्या जागी, माहीत असलेल्यालाच दिसेल अशी फिकट कड राहिली. कॉलर मऊ झाली, पिवळी राहिली. पाठीवरच्या दोनपैकी एका जागी भोक पडलं, आणि दुकानदाराने ते न लपवता चिठ्ठीवर लिहून कळवलं. रफूचे पैसे आत्याने ठरल्याप्रमाणे वेगळे दिले.

लोकरीचा कपडा लॉन्ड्रीत टाकताना इतकं लांब पत्र प्रत्येकाला जमणार नाही. पण काय सांडलं, कधी सांडलं, घरी त्यावर काय लावलं आणि कापड कुठे विरळ झालं आहे, एवढ्या चार ओळी कागदावर लिहून कोटाच्या खिशात नव्हे, दुकानदाराच्या हातात द्या.